नदी कुठल्या विभक्तीत आहे?

नदीवर अभंग लिहायला बसलं की पहिला प्रश्न वृत्ताचा येत नाही. आपण बोलतोय कुणाशी, हा येतो. हा प्रश्न टाळला की पुढं कितीही गोड शब्द आले तरी अभंगाचं पोस्टर होतं.

मी मोशीत राहतो. एका बाजूला देहू, दुसऱ्या बाजूला आळंदी, आणि दोन्हीकडची इंद्रायणी आमच्या शिवेवरून जाते. दिवसा सॉफ्टवेअर, आणि एकादशीला जमेल तसा भजनी मंडळात टाळ. मंडळातल्या बुवांनी मला इंद्रायणीवर एक अभंग रचायला सांगितला. अट एकच होती. "बाळा, ऐकताना पालिकेच्या घंटागाडीचं गाणं आठवता कामा नये." त्यांना नेमकं काय नको आहे ते मला लगेच कळलं. कसं टाळायचं ते कळायला काही आठवडे गेले.

आधी नको असलेली गोष्ट समोर ठेवतो. वाईट अभंग कसा असतो हे दाखवण्यापुरता हा मीच रचलाय:

नका टाकू कुणी । नदीत कचरा ।
स्वतःला आवरा । जागे व्हा रे ॥

मोठ्या अभंगाचा हिशोब इथे चोख आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारचा, आणि दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. सल्लाही चुकीचा नाही. तरी हे कुणी डोळे मिटून गाणार नाही. का? एकच शब्द बघा: "नदीत". शाळेत पाठ केलेलं आठवत असेल तर ही सप्तमी, अधिकरण, म्हणजे क्रिया जिथे घडते ती जागा. या कडव्यात नदी म्हणजे कचरा पडायची जागा. तिच्या ठिकाणी "गल्लीत" किंवा "जिन्यात" टाकलं तरी काही बिघडत नाही (यमकसुद्धा शाबूत राहतं). बोलणारा माणसांशी बोलतोय, नदीकडे त्याची पाठ आहे.

भक्तीच्या कवितेत देवता संबोधनात असते. तिला हाक मारलेली असते. आज्ञार्थ तिथेही भरपूर असतो. ये, दे, ऐक, सांभाळ, ही सगळी आज्ञार्थी रूपंच आहेत. पण ती वर जातात, समोरच्या श्रोत्यावर येऊन आदळत नाहीत. श्रोता शेजारी उभा राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकत असतो, आणि ऐकता ऐकता त्यात सामील होतो. उपदेशात ही सामील व्हायची सोयच नाही. "नका टाकू" म्हणणारा आणि टाकणारा असे दोन गट पहिल्या तीन शब्दांतच पडतात, आणि गाणारा प्रत्येक जण स्वतःला पहिल्या गटात धरतो.

म्हणून मी पहिल्या कडव्यात फक्त हाक मारायची ठरवली.

इंद्रायणी माये । सह्याद्रीची लेक ।
विनवणी एक । ऐक माझी ॥

अक्षरं बसली. ती मोजायला मी हौसेनं एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. पण पायथॉनचं `len("इंद्रायणी")` उत्तर देतं 9, कारण ते अनुस्वार, काना, हलन्त सगळं सुटं मोजतं. इं-द्रा-य-णी ही चार अक्षरं त्याला दिसत नाहीत. शेवटी बोटांवर मोजलं. बुवांनाही चाल आवडली. मला मात्र दुसरा चरण टोचत होता. सह्याद्रीची लेक कोण नाही? कृष्णा आहे, भीमा आहे, गोदावरी आहे. हाक मारली, पण गर्दीत "अहो ताई" म्हणावं तशी. स्तुती खरी आहे की नाही हे तपासायची माझी रीत साधी आहे. नदीचं नाव बदलून बघायचं. कडवं तसंच चाललं, तर ते या नदीचं नाही.

इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंडे गावाच्या परिसरात उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. म्हणून चरण झाला "कुरवंड्याची लेक". यात सात अक्षरं आहेत. एक जास्त. ते राहू दिलं, कारण अभंग कागदावर तपासायचा नसतो. पखवाजावर "कुरवंड्याचि लेक" असं किंचित घाईनं म्हटलं की बसतं, आणि संतांच्या गाथांतही अक्षरांची अशी ओढाताण जागोजागी दिसते. माय आणि लेक एकाच कडव्यात आल्या याबद्दल एकानं शंका काढली. मला त्यात अडचण वाटली नाही. आपल्यासाठी माय असलेली बाई कुणाची तरी लेक असतेच, आणि लेक म्हटलं की तिचं कुणीतरी लागतं, तिला माहेर असतं, एवढं आपोआप येतं.

नावानंतर स्तुतीत काय येतं? देवतेनं केलेलं काहीतरी. "तू महान आहेस" हे विशेषण झालं. "तू अमुक केलंस" ही आठवण झाली. इंद्रायणीच्या बाबतीत आठवण शोधायला लांब जावं लागत नाही. तुकोबांच्या वह्या देहूच्या डोहात बुडवल्या गेल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या, ही कथा आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. ती घडली तशीच घडली का, हा वाद इथे कामाचा नाही. ती या नदीचीच आहे, दुसऱ्या कुठल्या पाण्याची नाही, एवढं पुरतं.

तेरा दिवस तू । राखिलेस बोल ।
पोटामध्ये खोल । कोरडेच ॥

या कडव्यात पर्यावरणाचा एकही शब्द नाही. पण ज्या पाण्यानं कागद सांभाळला त्या पाण्याची आज काय अवस्था आहे, हा विचार ऐकणाऱ्याच्या मनात आपला आपण येतो. तो मी बोलून दाखवला असता तर त्याच्या मनातून गेला असता.

माती आणि झाडांबाबतही हाच अनुभव आला. "हे धरित्री माते" म्हटलं की पुढं शब्द सुचत नाहीत, कारण माती अशी एकदम दिसतच नाही. शेतकरी तिला काळी आई म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचं रान असतं. अरणच्या सावता माळ्यांना वाफ्यातल्या भाजीत विठाई दिसली. मातीची थोरवी सांगायला त्यांना माती हा शब्दच घ्यावा लागला नाही. मी शेतकरी नाही, माझ्याकडे रान नाही. पण मावळात पिकणारा जो चिकट, सुवासिक तांदूळ आमच्या घरी शिजतो, त्याचं नावच इंद्रायणी आहे. माझ्या ताटात नदी आणि माती दोन्ही एकाच घासात येतात.

तुझ्याच नावाचा । शिजे घरी भात ।
वाफेला मी हात । जोडतसे ॥

झाडासाठी वेगळं कडवं केलं नाही, पण करायचं झालं असतं तर "वृक्षराजा" किंवा "हिरवी वनराई" यांच्याकडे मी गेलो नसतो. देहूला नांदुरकी आहे, आळंदीला माउलींच्या समाधीपाशी अजानवृक्ष आहे. झाडाचं नाव माहीत नसताना त्याला सोयरा म्हणणं म्हणजे नात्यातल्या माणसाला "तो आपला तो" म्हणण्यासारखं आहे.

इथपर्यंत लिहिणं सोपं होतं. अडलो ते यानंतर.

आळंदीच्या बंधाऱ्यापाशी इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो, हे बातम्यांतून सगळ्यांनी पाहिलंय. तो येतो कसा हे समजून घेतलं. साबणाच्या पावडरीतल्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे हवेचा बुडबुडा फुटायच्या ऐवजी टिकतो. सांडपाणी नीट शुद्ध झालं तर जिवाणू यातला बराचसा भाग खाऊन टाकतात. न होता आलं तर तो तसाच नदीत उतरतो, आणि बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा घुसळली की फेस होतो. साधं ताकासारखं.

आता या काठावर उभं राहून मी "निर्मळ तुझे जळ" असं गायचं का? ते खोटं होईल. आणि नाही गायचं, तर भक्ती कशाची?

परंपरेकडे याचं एक तयार उत्तर आहे. नदीचं पावित्र्य वेगळं आणि तिच्यातली घाण वेगळी. केली ॲली या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी बनारसच्या घाटांवर लोकांशी बोलून गंगेवर पुस्तक लिहिलं, ते 2002 साली आलं. त्यात हाच भेद आहे. घाटावरची माणसं म्हणतात, गंगेत गंदगी आहे हे खरं, पण गंगा अपवित्र होऊ शकत नाही. मला हे उत्तर नुसतं भाबडं वाटत नाही, त्यात खोल प्रेम आहे. आजारी आईच्या अंगाला वास येतो म्हणून ती आई नसते असं थोडंच होतं? पण त्याच उत्तराच्या आडून नाल्याचं तोंड निवांत उघडं राहू शकतं. जी बिघडूच शकत नाही तिची काळजी कोण करणार? नुसती स्तुती इथे सोयीची होते, आणि ही सोय मला उपदेशापेक्षाही वाईट वाटते. उपदेश निदान कुणाला तरी खुपतो.

मार्ग दिसला तो अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातल्या पृथ्वीसूक्तात. 63 ऋचांचं हे सूक्त स्तुतीनं ओतप्रोत भरलेलं आहे, आणि त्यात मधेच एक वेगळीच विनवणी येते. मी तुझ्यातून जे खणून काढतो ते लवकर पुन्हा भरून येवो, तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला माझ्याकडून इजा न होवो, अशी. बोलणारा खणायचं थांबवणार नाहीये. त्याला खायचंय, घर बांधायचंय. तो कुणाला खणू नका असंही सांगत नाही. तो फक्त जिला लागतं तिच्याकडे तोंड करून, "मी" म्हणून बोलतो. सकाळी अंथरुणातून पाय खाली टाकण्याआधी जमिनीची क्षमा मागायची आपल्याकडची रीत याच जातीची. पूजेच्या शेवटीही क्षमापन असतंच. म्हणजे इजेबद्दल बोलायची जागा स्तोत्राच्या घरात आधीपासूनच आहे. ती शेवटाकडे, लहानशी आणि प्रथमपुरुषी आहे.

माझ्या धुण्याचा गे । फेस तुझ्या गळा ।
कसा लावू टिळा । सांग आता ॥

काठावर गंध उगाळायचं ते तिच्याच पाण्यात. म्हणून टिळा. या कडव्यासाठी फेसाची सगळी माहिती लागली, पण कडव्यात त्यातला एकच शब्द राहिला: "धुण्याचा". साबण, रसायन, प्रदूषण यातलं काही नाही. आणि तो शब्द ठेवायला आणखी एक कारण होतं. जगन्नाथ पंडितांच्या गंगालहरीतही बोलणारा स्वतःला पतित म्हणवतो आणि गंगेनं आपल्याला धुवून काढावं असं विनवतो. तिथे पाप अदृश्य आहे, धुणं ही उपमा आहे. आमच्या वॉशिंग मशीनच्या नळीतून जातं ते धुणं उपमा नाही. पतिताला पावन करणारी नदी ही कल्पना तशीच आहे, फक्त मळ खरा झालाय.

यावर ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं जो आक्षेप घेतला तो मला अजून पुरता परतवता आलेला नाही. ती म्हणाली, "तू ‘मी’ म्हणालास आणि कारखाना सुटला. सगळेच दोषी म्हटलं की कुणीच दोषी उरत नाही. तुझी बादली आणि त्यांचा टँकर एका कडव्यात कसे बसतात?" खरं आहे. माझं उत्तर अर्धंच आहे. टँकरसाठी तक्रार आहे, माहितीचा अधिकार आहे, कोर्ट आहे. तिथे नाव, तारीख, नमुना लागतो आणि तिथे "तुम्ही" म्हणायलाच हवं. तीच कामं अभंगाकडून करून घेतली तर तक्रारही ढिली होते आणि अभंगही. राहिलेलं अर्धं उत्तर मंडळात बसल्यावर मिळालं. "माझ्या धुण्याचा" हे वीस जणांनी एकदम म्हटलं तेव्हा तो "माझ्या" माझा राहिला नाही. त्यात गॅरेजवाला होता, कपडे इस्त्री करणारे काका होते, आणि एका छोट्या प्लेटिंग युनिटचे मालकही होते. प्रत्येकाच्या तोंडून तो शब्द निघाला. "तुम्ही" असता तर यातल्या कुणाचंच तोंड उघडलं नसतं, किंवा सगळ्यांचं उघडलं असतं आणि कुणालाच लागलं नसतं. मैत्रीण म्हणाली, "मालकांनी म्हटलं, मग?" मग काहीच नाही. ते पुढच्या एकादशीलाही आले, एवढं मी पाहिलं.

पण क्षमेनं भागत नाही असंही मला वाटत होतं. राग होता. तो कुठे ठेवायचा? वारकऱ्यांच्या घरात त्यालाही जागा आहे, आणि ती देवाच्या अगदी पुढ्यात आहे. जनाबाई विठ्ठलाला सरळ शिव्या घालते, नामदेव त्याच्याशी भांडतो. राग माणसांवर न काढता देवाकडे नेला की तो भक्तीतच राहतो. म्हणून शेवटचं कडवं, नाममुद्रेचं. स्वतःचं नाव घालायचा संकोच वाटला, म्हणून गावाचं घातलं:

मोशीकर म्हणे । रागव एकदा ।
नको राहू सदा । अशी मुकी ॥

हे कडवं मला सगळ्यात जवळचं. आई फार दिवस गप्प राहिली की घरातल्या माणसाला जी धास्ती वाटते, ती मला यात आणायची होती. बुवांनी वीणा मांडीवर टेकवून ते दोनदा ऐकलं आणि मान हलवली. नकारार्थी.

"नदीला राग मागू नये."

मी म्हणालो, "बुवा, जनाबाई तर देवाला काय काय बोलते."

"ती देवावर रागावते. देवाला रागव म्हणत नाही. नदी रागावली म्हणजे काय होतं माहितीये ना तुला? पूर येतो. तू सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहतोस. काठाला पत्र्याची घरं आहेत. तिथली दोन पोरं आपल्यात टाळ धरतात. त्यांच्या तोंडी हे देऊ?"

यावर मला बोलता आलं नाही, आणि अजूनही या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मला दिसतात. राग न मागणारी भक्ती फार मऊ होते, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. पण अभंग गाणाऱ्याच्या तोंडात बसवायचा असतो, आणि ज्याच्या घरात पाणी शिरणार त्याच्या तोंडी शिरणाऱ्या पाण्याला आवतण देणं, हा माझा अधिकार नाही. मी तिथेच बसून पर्याय शोधला. "रागव" काढायचा, पण मुकेपणाची तक्रार ठेवायची. अक्षरं तितकीच हवीत, यमक तेच.

मोशीकर म्हणे । बोल गे एकदा ।
नको राहू सदा । अशी मुकी ॥

बुवांनी लगेच पखवाजवाल्याला खूण केली. मंडळात आता हाच पाठ गातात. माझ्या वहीत "रागव" तसाच आहे, खोडलेला नाही, त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात "बोल गे" लिहिलंय. पत्र्याच्या घरातल्या त्या दोघांपैकी मोठ्यानं ती वही मागून घेऊन बघितली होती. त्यानं वरचा शब्द वाचला, खालचा वाचला, आणि विचारलं, "दादा, दोन्ही म्हटले तर चालीत बसतील का?"